हनुवटीकडे बघणाऱ्या बाई

पुण्यातल्या एका विमा कंपनीत मी दाव्यांची कागदपत्रं तपासते. नऊ तास स्क्रीनसमोर. पंचेचाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आणि काही महिन्यांत दुपारपासून मानेचा मागचा भाग कवटीच्या बुडाशी दुखू लागला. संध्याकाळी डोळे कोरडे पडून चुरचुरायचे. नंबर चुकला असेल, या समजुतीने मी चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी नंबर पुन्हा तपासला. तो बरोबर होता. मग त्या म्हणाल्या, "ताई, उद्या कामात गढलेल्या असताना कुणाला तरी बाजूने तुमचा फोटो काढायला सांगा. मुद्दाम ताठ बसू नका."

फोटोत त्यांनी स्क्रीन नंतर पाहिली, आधी माझी हनुवटी. ती वर उचललेली होती.

आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या मॉनिटरखाली लाकडी फळ्या बसवल्या होत्या, कारण स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी असा नियम आहे. नियम खोटा नाही. पण प्रोग्रेसिव्ह काचेत लांबचं वरच्या भागातून दिसतं, वाचायचं खालच्या भागातून आणि हातभर अंतरावरचं मधल्या अरुंद पट्ट्यातून. डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या स्क्रीनवर माझ्या काचेचा लांबचा भाग येत होता. अक्षरं पुसट दिसली की मान आपोआप मागे जायची आणि मधला पट्टा अक्षरांवर आणायची. दिवसभर हेच. कोरडेपणाचं कारणही उंचीतच होतं: नजर वर असली की पापण्या जास्त उघड्या राहतात आणि डोळ्यांवरचं पाणी लवकर उडतं.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शनिवारी दुपारी दुकान बंद करून त्या शिवणाची टेप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. जमिनीपासून माझे डोळे ११८ सेंटिमीटरवर, स्क्रीनची वरची कडही तिथेच. फळी काढली, स्टँड पूर्ण खाली केला, तेव्हा कड १० सेंटिमीटर खाली गेली. २४ इंची स्क्रीनचा मध्य आता डोळ्यांच्या २५ सेंटिमीटर खाली आला. अंतर ६५ सेंटिमीटर, म्हणजे हात लांब केला की बोटं जेमतेम टेकावीत एवढं. मग त्यांनी मला डोळे मिटून मान सैल सोडायला सांगितलं. "आता उघडा. पहिली नजर कुठे पडली?" ती स्क्रीनच्या मधोमध पडली होती. याहून खाली नेऊ नका, हेही त्यांनी बजावलं. तसं केलं तर हनुवटी छातीकडे जाते आणि दुखणं फक्त जागा बदलतं.

खाली आणलेल्या स्क्रीनकडे नजर तिरकी जाते, म्हणून तिचा वरचा भाग थोडा मागे कलवावा लागतो. तो कलवला आणि छतावरची ट्यूबलाइट काचेत उतरली. मला हे दिसलंच नव्हतं, कारण उजळ पानावर प्रतिबिंब लपतं, फक्त अक्षरं फिकी होतात. बाईंनी मॉनिटर बंद केला. काळ्या काचेत दिव्याची पांढरी पट्टी होती आणि माझ्या पाठीमागची खिडकी, तिच्या गजांसकट. टेबल काटकोनात फिरवून त्यांनी खिडकी डाव्या हाताला आणली. खिडकी समोर घ्यायची नाही, कारण मग स्क्रीनच्या मागचा उजेडच डोळ्यांत जातो. टेबल दिव्याच्या अगदी खालून हलवून दिव्यांच्या दोन रांगांच्या मध्ये सरकवलं आणि काच पुन्हा काळी दिसेपर्यंत कल कमी केला. शेवटी स्क्रीनशेजारी कोरा कागद धरून दोघांचा पांढरेपणा सारखा वाटेपर्यंत त्यांनी ब्राइटनेस उतरवला.

खालच्या दोन-चार ओळी मात्र अजूनही पुसट होत्या. तिथे नजर काचेच्या वाचायच्या भागातून जाते आणि तो साधारण ४० सेंटिमीटरसाठी घडवलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे ऑफिससाठी वेगळा चष्मा, ज्यात मधला पट्टा रुंद असतो. तो त्यांच्याच दुकानात मिळत होता, तरी त्या म्हणाल्या, "आधी महिनाभर असं बसून बघा. आणि घेतलाच तर तो लावून गाडी चालवायची नाही, लांबचं स्पष्ट दिसणार नाही." महिन्याभरात मान सुटली. चष्मा मी वर्षभराने घेतला.

त्या दुपारचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "तुमच्याकडे चाळिशीपुढचे आणखी असतील की." होते. आता मी फोटो काढते आणि हनुवट्या बघते. माझ्या टेबलावर दुसऱ्या पाळीला बिनचष्म्याचा एक तरुण बसतो. त्याच्यासाठी जुना नियमच बरोबर आहे, म्हणून ती फळी मी टाकलेली नाही. मला अडचण नको म्हणून तो खाली वाकून काम करत होता. बाईंना विचारून मी स्टँडच्या दांड्यावर दोन खुणा केल्या, वरची त्याची आणि खालची माझी. यंदा माझा वाचायचा नंबर वाढला, तेव्हा बाईंनी फोनवरच सांगितलं की नंबर वाढला की मधला पट्टा आणखी अरुंद होतो. माझी खूण पुन्हा मोजायची आहे.