‘पाहू ना ताई’

वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. माझा भाचा ती दळून विकतो. परवा मोबाईल पुढे करून म्हणाला, “मामा, हे पाहा.”

पुण्याच्या एका दुकानदारीणबाईंनी लिहिले होते, “दादा, दहा टक्के कमी करा ना!” आणि आमच्या पठ्ठ्याचे उत्तर, “पाहू ना ताई, करू काहीतरी.”

“अरे, हा तर होकारच झाला!” मी म्हटले. भाव किलोला २०० रुपये, खर्च १६४, सुटतात ३६. त्यातले २० गेले तर निम्म्याहून अधिक नफा गेला!

ईमेल लिहायला बसलो. ‘परवडत नाही’ हे त्याचे रडगाणे मी खोडले. खर्चाचा आकडाही खोडला. तो कळला की गिऱ्हाईक आपला नफाच मोजू लागते. उरले ते असे : “ताई, ‘करू काहीतरी’ म्हणालो होतो, ते काय ते लिहितो. नेहमीच्या २५ किलोंना भाव २००च राहील. एकदम १०० किलो घेतल्यास १९० लावतो. निम्मी रक्कम आगाऊ. हा भाव महिनाअखेरपर्यंत. दळण नेहमीसारखे ताजेच येईल.”

एकगठ्ठा पाठवणीत वाहतुकीचे किलोमागे सहा रुपये वाचतात. म्हणजे सूट दहाची, झळ चारचीच.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले, “दादा, ६० किलोंना काय लावाल?”

भाच्याचा अंगठा ‘पाहू ना’ लिहायला निघालाच होता.