शाफ्टला थोडा बाक हवा

बेंगळुरूला समुद्र नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे, आणि तरीही नौदलाच्या काही मोठ्या जहाजांची ताकद इथूनच निघते. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा जो इंडस्ट्रियल अँड मरीन गॅस टर्बाइन विभाग इथे आहे, तो जनरल इलेक्ट्रिकच्या एलएम २५०० टर्बाइनची जुळणी करून ती नौदलाला देतो. माझगाव डॉकने बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटवर अशी प्रत्येकी दोन टर्बाइन आहेत. त्यांतली तिसरी नौका ‘सह्याद्री’ २१ जुलै २०१२ला नौदलात दाखल झाली. टर्बाइनचं कौतुक होतं ते योग्यच आहे. पण टर्बाइनपासून प्रोपेलरपर्यंत जो पोलादी दांडा जातो त्याच्याबद्दल एक समजूत इतकी पक्की आहे की ती कुणाला तपासावीशीही वाटत नाही. ती म्हणजे, शाफ्ट बसवायचा तो सरळ रेषेत, आणि जितका सरळ तितका चांगला. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. शाफ्टची रेषा सरळपणाने ठरवायची नसते, कोणत्या बेअरिंगवर किती वजन पडावं यावरून ठरवायची असते. आणि ते वजन नीट वाटलं जायचं असेल, तर बेअरिंगं मुद्दाम थोडी वर-खाली बसवून शाफ्टला बाक द्यावाच लागतो.

आधी या दांड्याकडून काय अपेक्षा असते ते पाहू. एलएम २५००ची शक्ती २२ मेगावॉटच्या आसपास असते आणि तिचा बाहेर येणारा दांडा मिनिटाला ३६०० फेरे घेतो. प्रोपेलर एवढ्या वेगाने फिरवला तर पाणी फक्त घुसळलं जाईल. म्हणून गिअरबॉक्स वेग उतरवतो. तो २०० फेऱ्यांवर आणला असं धरू. शक्ती तीच आणि वेग अठरावा हिस्सा, म्हणून पीळ अठरापट होतो. टर्बाइनपाशी हा पीळ एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सहा टन टांगल्याएवढा असतो, गिअरबॉक्सच्या मागे तोच शंभर टनांच्या पुढे जातो. शाफ्ट जाडजूड लागतो तो यासाठी. त्याच शाफ्टमधून आणखी एक जोर उलट्या दिशेने, मागून पुढे येतो. प्रोपेलर पाणी मागे ढकलतो, पाणी त्याला पुढे ढकलतं, आणि तो रेटा शाफ्टमधून थ्रस्ट ब्लॉकपर्यंत पोचतो. शक्तीतला दोनतृतीयांश भाग कामी येतो आणि जहाज ३० नॉटने चाललं आहे असं धरलं, तर एका शाफ्टवर हा रेटा नव्वद-शंभर टनांचा निघतो. अख्खं जहाज पुढे सरकतं ते त्या एका ब्लॉकच्या पायाला बसणाऱ्या धक्क्याने.

पण शाफ्टलाइनचं खरं दुखणं पीळ किंवा रेटा यांत नसतं. ते दोन्ही हिशेबात चोख बसतात. दुखणं वजनात असतं. ४०० मिलिमीटर व्यासाचा भरीव पोलादी शाफ्ट मीटरला जवळजवळ एक टन भरतो. तो चार-चार मीटरवरच्या तीन बेअरिंगांवर ठेवला आणि तिन्ही अगदी एका रेषेत असली, तर मधल्या बेअरिंगवर सुमारे पाच टन येतात. आता मधलं बेअरिंग जरा खाली घ्या. दोन मिलिमीटर खाली जाताच त्याच्यावरचं वजन शून्य होतं. शाफ्ट त्याच्यावर टेकतच नाही, सगळा भार दोन टोकांनी उचललेला असतो. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. आठ मीटरांत दोन मिलिमीटरचा फरक कुणी नुसत्या नजरेने पकडू शकणार नाही. बिनभाराचं बेअरिंग मात्र लपून राहत नाही. चालत्या शाफ्टला तिथे आधार नसतो, तो थरथरू लागतो, आणि शेजारचं बेअरिंग वाजवीपेक्षा जास्त तापतं.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो: मग आधार वाढवा, चार मीटरच्या जागी तीन मीटरवर बेअरिंग ठेवा. ऐकायला हे बरोबर वाटतं, पण गणित निराळं सांगतं. अंतर तीन मीटर केलं की मधलं बेअरिंग बिनभाराचं व्हायला दोन मिलिमीटर लागत नाहीत, ०.६ मिलिमीटर पुरतात. अंतर दोन मीटर केलं, तर मिलिमीटरचा आठवा भाग बस होतो. कारण ही सहनशीलता अंतराच्या चौथ्या घातावर चालते. अंतर निम्मं केलं की ती सोळापट घटते. आखूड शाफ्ट ताठ असतो आणि ताठ शाफ्ट जरासाही ढळ खपवून घेत नाही. इकडे जहाजाचं पोलादी अंग काही कातळ नव्हे. माल चढला-उतरला, टाक्या भरल्या-रिकाम्या झाल्या, एका बाजूला ऊन पडलं, तरी ते मिलिमीटरांच्या हिशेबात वाकतं. म्हणून तर जमिनीवर जुळवलेला शाफ्ट जहाज पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावा लागतो, आणि जाणते लोक तो ऊन चढण्याआधी, पहाटे मोजतात. जादा बेअरिंग हे अशा अंगात जादा आधार ठरत नाही, जादा अडचण ठरतं.

बाक सर्वांत जास्त महत्त्वाचा ठरतो तो मागच्या टोकाला. शेवटच्या बेअरिंगच्या बाहेर प्रोपेलर लोंबकळत असतो. त्याच्या वजनाने शाफ्टचं टोक खाली झुकतं, आणि बेअरिंग सरळ कोरलेलं असेल तर शाफ्ट त्याच्या मागच्या काठावरच टेकतो. सर्वेक्षण संस्थांचे नियम स्टर्न ट्यूबमध्ये तेलावर चालणाऱ्या व्हाइट मेटलच्या बेअरिंगला साधारणपणे व्यासाच्या दुप्पट आणि पाण्यावर चालणाऱ्या बेअरिंगला चौपट लांबी मागतात. पण भार मागच्या वीतभर जागेवरच आला, तर उरलेली लांबी शोभेपुरती राहते. म्हणून शाफ्ट आणि बेअरिंग यांच्या उतारातला फरक मीटरला ०.३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये असा दंडक आहे. तो पुढे जाणार असेल, तर बेअरिंगचं भोकच तिरकं कोरतात, म्हणजे शाफ्ट जसा झुकेल तशी त्याची बैठक. लेझरने रेषा केसाएवढी अचूक आखता येत असताना भोक मुद्दाम तिरकं का करावं, असं कुणी विचारील. लेझरची अचूकता हवीच, पण ती ठरलेला बाक गाठायला. लेझर प्रकाशाची रेषा दाखवतो. प्रकाशाला वजन नसतं, शाफ्टला असतं.

सीलकडे याच वाटेने जायला हवं. मालवण-रत्नागिरीच्या ट्रॉलरपासून मोठ्या तेलवाहू जहाजापर्यंत शाफ्ट जिथे अंगाबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारं काही ना काही असतं. ट्रॉलरवर ती ग्रीस लावलेल्या पॅकिंगची ग्लँड असते. ती किंचित ठिबकत राहावी लागते. ते थेंब शाफ्टला थंड ठेवतात. ‘एक थेंबही नको’ म्हणून नट आवळत गेलं की पॅकिंग जळतं, शाफ्टवर चर पडते, आणि मग ग्लँड कितीही आवळली तरी पाणी यायचं थांबत नाही. तेलावर चालणाऱ्या स्टर्न ट्यूबमध्ये रबरी ओठांची सीलं असतात आणि वर तेलाची छोटी टाकी. त्या टाकीची पातळी पुष्कळ काही सांगते. पातळी उतरत असेल तर तेल बाहेर जातंय. चढत असेल, आणि काढलेला नमुना ताकासारखा पांढरट दिसत असेल, तर समुद्र आत येतोय. नायलॉनच्या जाळ्याची दोरी शाफ्टभोवती गुंडाळून सीलच्या ओठांपर्यंत जाणं हे आपल्या किनाऱ्यावरचं नेहमीचं कारण, आणि तिथे दोष खरोखर दोरीचाच असतो. पण नवं सील बसवूनही काही महिन्यांत ते पुन्हा गळू लागलं, तर सील बदलत बसण्यात अर्थ नाही. ज्या शाफ्टभोवती ते ओठ बसतात तो बेअरिंगमध्ये एका बाजूला घसरलाय किंवा थरथरतोय. सील हे पाणी अडवण्यासाठी असतं, शाफ्टला धरून ठेवण्यासाठी नव्हे.

या नात्याचा सर्वांत भयंकर दाखला १० डिसेंबर १९४१चा आहे. मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी टाकलेला एक टॉर्पेडो ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या डाव्या बाहेरच्या शाफ्टच्या आधाराजवळ फुटला. आधार गेला, शाफ्ट वाकला, आणि वेगाने फिरणाऱ्या त्या वाकड्या दांड्याने वाटेतली सीलं उखडून टाकली. शाफ्टच्या बोगद्यातून आत आलेल्या पाण्याने यंत्रघरं भरली, आणि जहाज त्याच दिवशी बुडालं. एवढा वाकडा शाफ्ट एरवी कुणाच्या वाट्याला येत नाही, पण क्रम तोच असतो: आधी आधार सुटतो, मग रेषा ढळते, आणि सील शेवटी फाटतं.

दोन आक्षेप उरतात. एक असा की लवचीक कपलिंग लावलं की बाकाचं गणित सुटतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ते खरोखर कामाचं आहे. पण प्रोपेलरचं लोंबतं वजन आणि मागून येणारा रेटा त्याच्या पलीकडे, स्टर्न ट्यूबच्या बाजूला असतात. तिथलं वजन कपलिंग उचलत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विजेच्या मोटरवर चालणारे पॉड जहाजाखाली टांगले की लांब शाफ्टच नको. हे मान्य करायलाच हवं, आणि प्रवासी जहाजांवर ते यशस्वीही झालं आहे. मात्र गिअर आणि शाफ्ट मिळून शक्तीचे दोन-चार टक्के खातात, तर जनित्र, विजेचं रूपांतर आणि मोटर मिळून दहाच्या आसपास जातात. शिवाय पॉडमध्येही एक आखूड शाफ्ट असतोच, त्याच्यावर सील आणि बेअरिंग असतंच. आखूड शाफ्ट किती कठोर असतो ते वर पाहिलंच.

शेवटचा निकाल लागतो जॅकवर. बेअरिंगजवळ हायड्रॉलिक जॅक ठेवतात, शाफ्टच्या माथ्यावर डायल गेज लावतात, आणि शाफ्ट हळूहळू उचलत दाब व उंची टिपत जातात. शाफ्ट बेअरिंगवरून सुटला की आलेखाची रेषा सरळ होते. ती मागे शून्य उंचीपर्यंत नेली की त्या बेअरिंगवर खरोखर किती भार होता ते कळतं. वरच्या उदाहरणातल्या चार मीटरच्या शाफ्टवर हा आकडा गणितापेक्षा एक टनाने कमी आला, तर मधल्या बेअरिंगखाली ०.४ मिलिमीटरची पट्टी घालायची. आणि मग जॅक उचलून दोन्ही शेजाऱ्यांकडे न्यायचा, कारण मधल्याला मिळालेला तो एक टन त्यांच्याच खांद्यावरून आलेला असतो.