दोघांत एक कप तांदूळ

मधुमेहाची मराठी पुस्तिका तमिळमध्ये न्यायची, तर सगळ्यात अडचणीचं पान औषधांचं असेल असं कुणालाही वाटेल. ते निघालं दुपारच्या जेवणाचं. मूळ पुस्तिकेत एका साध्या चौकटीत लिहिलं होतं: दोन फुलके, एक वाटी भात, एक वाटी वरण, एक वाटी पालेभाजी, कोशिंबीर. मराठी माणसाला ही चौकट वाचावीही लागत नाही, ताट डोळ्यांपुढे येतं. पुस्तिका हवी होती मुंबईतल्या तमिळ वस्त्यांसाठी, मुख्यतः धारावीसाठी. तिथली पुष्कळ कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपूर्वी तिरुनेलवेलीकडून आलेली. त्यांच्या दुपारच्या ताटात फुलका नसतोच.

शब्दाला शब्द ठेवला असता तर वाक्य अगदी शुद्ध झालं असतं आणि रोग्याचं नुकसान. कारण चपाती तिथं ठाऊक आहे, पण औषध म्हणून. डॉक्टरांनी ‘रात्री भात नको’ म्हटलं की घरात चपात्या होतात, आणि औषधच आहे म्हटल्यावर मोजायच्या कशाला? बटाट्याच्या कुर्म्याबरोबर पाच-पाच जातात. दुपारचा भात असतो तेवढाच राहतो. अशा घरात ‘दोन फुलके, एक वाटी भात’ गेलं, तर फुलके रात्रीच्या खात्यात जमा होणार आणि भाताच्या वाटीकडे कुणी बघणारही नाही.

माझं बालपण अरक्कोणमला गेलं, वडील रेल्वेत होते. त्यामुळे तमिळ ताट मला परकं नाही. आता राहतो वरवे बुद्रुकला, पुणे-सातारा रस्त्यालगत. भाषांतर इथंच बसून केलं आणि त्याला या गावाचा उपयोग झाला. कसा, ते पुढे येईलच.

जेवणाच्या चौकटीत पदार्थाला पदार्थ शोधायचा नसतो, पिष्टमय भागाचा हिशेब जुळवायचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते समोर ठेवले. पंचवीस ग्रॅम कणकेचा एक फुलका म्हणजे साधारण १६ ग्रॅम कर्बोदकं, दोनाचे ३२. शिजलेल्या भाताची शंभर ग्रॅमची वाटी म्हणजे २८च्या आसपास. वरणातली सोडून दिली तर बेरीज साठ. आता हे साठ ग्रॅम नुसत्या भातात बसवायचे. म्हणजे दोन वाट्यांच्या थोडा वर भात झाला. इथवर गणित सोपं आहे.

पण तमिळ जेवणात भात एकदा वाढून होत नाही. आधी सांबारभात, मग रसमभात, शेवटी ताकभात किंवा दहीभात. प्रत्येक फेरीला नवा भात. ‘दोन वाट्या’ असं छापलं, तर पहिल्या फेरीतच त्या संपतात आणि पुढच्या दोन फेऱ्या हिशेबाबाहेर राहतात. ताकभात तर पोटाला थंड म्हणून मोजायचाच नसतो, असं कितीतरी जण मनापासून मानतात. म्हणून चौकटीत वाक्य असं घातलं: तिन्ही फेऱ्यांचा मिळून भात एवढा. आणि शेजारी चित्र, तीन लहान ढिगांचं.

तरीही ‘एवढा’ म्हणजे केवढा, हे उरलंच. तमिळ घरात वाटी हे माप नाही, भात करंडीनं वाढतात. करंडी म्हणजे पळी, डाव, झारा, सगळंच. घरात असतील त्या पळ्या मी पाण्यानं मोजून पाहिल्या. सांबाराची खोलगट पळी साठ मिलीची, भात वाढायची रुंद पळी दीडशेच्या आसपास, वर भाताचा उंचवटा येतो तो वेगळा. ‘तीन करंड्या भात’ असं लिहिलं तर एका घरात रोगी उपाशी आणि दुसऱ्या घरात दुप्पट जेवलेला. पेला घ्यावा तर तोही घरागणिक बदलतो. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग भात, ही सध्या सगळीकडे छापली जाणारी युक्ती स्टीलच्या ताटात चालते, पण ती भात किती उंच रचला हे विचारत नाही.

वाट निघाली ती शेजारच्या वहिनींमुळे. हा भोर-वेल्ह्याचा पट्टा भाताचा, आंबेमोहोर-इंद्रायणीचा. इथंही जेवणात भात भरपूर. वहिनी वाढताना कधी मोजत नाहीत, तांदूळ धुवायला घेताना मात्र मोजतात. ‘‘शिजल्यावर काय मोजायचं? जो तो आपल्या हातानं घेतो. पातेल्यात घालतानाच हिशेब करावा,’’ त्या म्हणाल्या. माप पानात धरायचं नाही, चुलीशी धरायचं. धारावीतल्या घराघरांत कुकरबरोबर आलेला प्लॅस्टिकचा कप असतो, तो १८० मिलीचा. त्यात सुमारे दीडशे ग्रॅम तांदूळ मावतो, आणि शंभर ग्रॅम तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे कपभर तांदळात ११७, अर्ध्या कपात ५८. हवे होते साठ. चौकटीतलं पहिलं वाक्य मग असं झालं: दुपारच्या जेवणाला दोघांत मिळून एक कप तांदूळ, सपाट भरलेला. हे वाक्य रोग्याला उद्देशून नाही, स्वयंपाक करणाऱ्या बाईला उद्देशून आहे. पुस्तिकेच्या कव्हरवर चित्र रोग्याचं असलं तरी ती खरी चालवणारी तीच असते.

वरणाच्या वाटीचंही तसंच सरळ होत नाही. सांबार वरणापेक्षा पातळ, डाळ कमी, भाज्या जास्त. वाटीला वाटी ठेवली तर प्रथिनं घटतात. म्हणून जोडीला सुंडल घातलं, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्याची किंवा चवळीची उसळ, नाहीतर अंडं, नाहीतर मासळीचा तुकडा. भाजीच्या ओळीत एक ताकीदही द्यावी लागली. बटाट्याची आणि कच्च्या केळ्याची परतलेली भाजी ही तिथं भाजीच समजली जाते. ती त्या दिवशी भातात धरायची. ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे, पण मूळ मराठी पुस्तिकेनं बटाट्याला का कोण जाणे सोडून दिलं होतं.

उपवासाचं पान मी अख्खं काढलं. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शिंगाड्याचा शिरा, यातलं तमिळ घरात उपवासाला काही होत नाही. गंमत अशी की आपला साबुदाणा बराचसा सेलमकडूनच येतो, पण तिथं तो प्रामुख्यानं पायसममध्ये दिसतो. त्या पानाच्या जागी पुरट्टासी महिन्यातले शनिवार आले. त्या दिवशी सकाळी काही न खाता गोळी मात्र घेतली जाते, हा धोका आहे. आणि आडी महिन्यात अम्मनच्या देवळांत वाटली जाणारी नाचणीची आंबील आली. नाचणी म्हटली की मधुमेहाला चालतेच, या समजुतीनं ती तांब्या तांब्यानं प्यायली जाते. नाचणीतही पिष्ट असतंच, आणि पातळ करून प्यायलं की भाकरीपेक्षा लवकर रक्तात उतरतं.

मसुदा तयार झाल्यावर तो कुणाला तरी वाचून दाखवायचा असतो, आणि ‘समजलं का?’ असं विचारायचं नसतं. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘आता तुम्ही घरी काय सांगाल, ते मला सांगा,’ असं विचारायचं. त्यासाठी वाचक कुठून आणायचे? वरव्याच्या रस्त्याला ते रोज येतात. बंगळुरू-मुंबई महामार्गावर नामक्कल आणि सेलमच्या गाड्या थांबलेल्या असतात. चालक गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात लावतात, कारण धाब्यावरच्या रोट्या त्यांना रोज नको असतात. तमिळमधून हाक मारली की त्यांना आश्चर्य वाटतं आणि मग ते बसवून घेतात.

एका चालकाला साखर एकदम उतरल्यावर काय करायचं ते पान वाचून दाखवलं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी; शक्य असेल तर रक्त तपासायचं, सत्तरच्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची; पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चमच्याला मी शाळेच्या पुस्तकातला शब्द ठेवला होता, ‘तेक्करंडी’. त्यानं परत सांगताना तीन करंड्या सांगितल्या. पंधरा ग्रॅमच्या जागी वाटीभर साखर. तिथल्या तिथे तो शब्द गेला आणि सगळे म्हणतात तो ‘स्पून’ आला.

त्याचा सोबती तिरुनेलवेलीकडचा. तो ऐकत होता, म्हणाला, ‘‘सार, तुम्ही सक्करै म्हणताय ती कुठली? आमच्याकडे पांढरी ती सीनी. सक्करै म्हणजे गुळाची.’’ तमिळनाडूच्या उत्तरेकडे पांढऱ्या साखरेलाच सक्करै म्हणतात, आणि मी उत्तरेकडचा. पुस्तिका ज्यांच्यासाठी होती ते मात्र याच्या भागातले. त्या पानावर आता दोन्ही शब्द आहेत आणि पांढऱ्या साखरेचं चित्र आहे. वर आणखी एक ओळ वाढली: ताडगुळाची करुप्पट्टी घातलेली कॉफीसुद्धा साखरेचीच धरावी. कारण त्याच गप्पांत तो सांगून गेला, की डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून तो कॉफीत करुप्पट्टीच घालतो.

आणि एक. ‘जेवणाआधी गोळी’ यातल्या जेवणाला मी ‘साप्पाडु’ लिहिलं होतं. तिघा-चौघांना विचारलं, गोळी दिवसातून किती वेळा? दोघांनी सांगितलं, एकदा, दुपारी. त्यांच्या लेखी साप्पाडु म्हणजे भाताचं जेवण, सकाळची इडली आणि रात्रीचा डोसा म्हणजे टिफिन. आता तिथं सकाळ, दुपार, रात्र असे तीन शब्द आहेत, सूर्य आणि चंद्र काढलेले, आणि ‘इडली-डोसा खाण्याआधीसुद्धा’ अशी ओळ.

इडलीचा तक्ता मी सर्वांत शेवटी केला आणि त्यावर समाधान नाही. घरची छोटी इडली आठ-दहा ग्रॅम कर्बोदकांची, हॉटेलातली बरीच मोठी. डोशाला तर मापच नाही, तव्यावर पीठ किती ओतलं यावर सगळं. शेवटी पिठाच्या पळीचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं की दोन इडल्यांचं पीठ पसरलं की एक घरगुती डोसा होतो. हे ढोबळ आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही.

अर्ध्या कपाचा आकडाही सगळ्यांना लागू नाही. दिवसभर ओझी उचलणारा आणि शिवणयंत्रावर बसणारी, दोघांना एकच चौकट कशी पुरेल? म्हणून छपाईला देताना त्या ओळीतला आकडा मी रिकामा सोडायला सांगितला. ‘दोघांत एक कप’ हे खाली उदाहरण म्हणून राहिलं. वर फक्त ‘माझ्या वाट्याचा तांदूळ’ आणि पुढे रेघ. त्या रेघेवर दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पेननं कप लिहायचा, अर्धा की पाऊण, आणि शेजारी तारीख. छापखान्याचं म्हणणं होतं की रिकामी जागा छपाईची चूक वाटेल. तिथं पेनाचं छोटं चित्र टाकून ते मिटवलं.