चमक आडवी, रेघ उभी

गेल्या आठवड्यापासून मी लोकांच्या तोंडाकडे नाही, केसांकडे बघत फिरतेय! माजिवडा नाक्यावर रिक्षाच्या रांगेत पुढच्या बाईच्या वेणीवर ऊन कुठे थांबतं, हे बघता बघता माझा नंबर निघून गेला. कारण फोटोशॉपमध्ये केसांना चकाकी कशी आणतात हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी, कळलंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या आतेबहिणीच्या केळवणाचा फोटो होता. सोसायटीच्या गच्चीवर, पावसाळी आभाळाखाली काढलेला. चेहरा सुरेख, पण पाठीवरून पुढे घेतलेली लांब तीनपेडी वेणी म्हणजे नुसता काळा गोळा. ढगाळ हवेत उजेड सगळीकडून सारखाच येतो, त्यामुळे केसांवर चमकेची ठिकाणंच उरत नाहीत. इथल्याच एका स्टुडिओत रिटचिंग करणाऱ्या दादांनी तो फोटो माझ्यासमोर उघडला.

ते म्हणाले, ‘‘आधी सांग, चमक कुठे पडते?’’

मी म्हटलं, ‘‘केसांवर.’’

‘‘केस जिथे वळतो तिथे!’’

आणि खरंच! डोक्यावर केस भांगापासून कानाकडे उतरतात आणि मधल्या गोलाईवर चमकेचा एक पट्टा पडतो. तो पट्टा केसांना आडवा असतो, पण बनलेला असतो शेकडो उभ्या रेघांचा, कारण प्रत्येक केस आपापल्या बाकावर तेवढाच उजळतो. म्हणून ब्रश चालवायचा केसाच्या दिशेने, पण फक्त त्या पट्ट्यापुरता. मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढली की झालाच पांढरा केस!

आता कृती. `Alt` दाबून नव्या लेयरच्या खुणेवर क्लिक करायचं, `Mode` मध्ये `Overlay` निवडायचं आणि खालच्या `Fill with Overlay-neutral color (50% gray)` वर टिक करायची. लेयर राखाडी असतो, पण फोटोवर काहीच दिसत नाही. मग मऊ ब्रश, पांढरा रंग, `Flow` चार-पाच टक्के. आधी बटेएवढ्या जाड ब्रशने पट्टा हलकेच सुचवायचा, मग तीन-चार पिक्सेलच्या ब्रशने त्यात केस ओढायचे. सगळे सारख्या लांबीचे नकोत. काही आधी संपावेत, काही पट्ट्याबाहेर निसटावेत, नाहीतर बाहुलीचे केस होतात.

वेणीपाशी तर मी खुर्चीतून उठलेच. प्रत्येक पेड गुंफणीतून वर येतो, फुगतो आणि पुन्हा आत जातो. चमक फुगवट्यावर, अंधार आत शिरण्याच्या जागी. एक पेड डावीकडे झुकतो, पुढचा उजवीकडे, म्हणून ब्रशची दिशाही दर पेडाला बदलते. दादांनी फुगवट्यावर पांढरं फिरवलं, मग `X` दाबून काळ्या रंगाने खाचा जरा गडद केल्या. त्या काळ्यानेच निम्मी चमक आली! गजऱ्याला मात्र ब्रश लागू दिला नाही. मोगरा आधीच पांढरा, आणखी उजळला तर पाकळ्याच नाहीशा होतात.

हे इतकं खरं का वाटतं, तेही विचारलं. गडद भागात `Overlay` असलेल्या उजेडाला गुणतो, जास्तीत जास्त दुप्पट करतो. शून्याची दुप्पट शून्यच, त्यामुळे अगदी काळं ते काळंच राहतं आणि जिथे मुळात पुसटशी चमक आहे तीच वर येते. म्हणजे आपण केस रंगवत नाही, त्यांच्यात दबलेली चमक बाहेर काढतो! अर्थात मर्यादाही तीच. मुळातच काळाकुट्ट आलेल्या फोटोत उजळायला काही नसतं, आणि जोर केलात तर केसांऐवजी रंगीत दाणे वर येतात.

आणखी एक खोड आहे. `Overlay` ने रंगही भडकतो आणि काळे केस मेंदी लावल्यासारखे तांबूस दिसू लागतात. काळ्या केसावरची मुख्य चमक ही त्याच्या पृष्ठभागावरून परतलेली असते, म्हणून ती केसाचा नाही, उजेडाचा रंग घेते. ढगाखाली पांढरट, किंचित निळसर. तांबूसपणा दिसला तर तो राखाडी लेयर बंद करून `Curves` चा लेयर घ्यायचा, त्याचा मोड `Luminosity` ठेवायचा, रेष मधून वर उचलायची, मास्क `Ctrl+I` ने काळा करायचा आणि त्याच रेघा मास्कवर पांढऱ्याने ओढायच्या.

सगळ्यात आवडली ती तपासणी. राखाडी लेयरच्या डोळ्यावर `Alt` दाबून क्लिक केलं की बाकी फोटो गायब होतो, उरतात फक्त आपल्या रेघा. त्या राखाडीवर मला अख्खी वेणी दिसली, पेडासकट! तिथे वेणी न दिसता नुसते पांढरे डाग दिसले, तर दिशा चुकली समजायचं. मग फोटो लहान करून लेयर बंद-चालू करायचा. फरक डोळ्यात खुपला तर `Opacity` निम्म्यावर आणायची. दादांनी आमच्या फोटोत ती ६० टक्क्यांवर ठेवली.

तुमच्याकडेही ढगाळ दिवसाचा एखादा वेणीचा फोटो असेलच. आज त्यातला एकच पेड घ्या आणि फक्त त्याच्या फुगवट्यावर हात चालवून बघा.