चुकलं, पण कुठे?

दहावीनंतर पॉलिटेक्निकला आलेल्या मुलाला ब्रिज कोर्सच्या आधी बीजगणिताचा पेपर द्यायचा, तर तो गुणांसाठी नको. वीसपैकी नऊ मिळाले म्हणजे मुलाला काय येत नाही, हे त्या नऊवरून कळत नाही. प्रत्येक चुकीचं उत्तर आपण कुठून आलो ते सांगेल, असा प्रश्न हवा.

*

माझा आवडता प्रश्न: 5 − 2(x − 3) = 1. उत्तर 5.

−1 आलं, तर कंस सोडताना −3 चं चिन्ह बदललेलं नाही. ½ आलं, तर −2 ने फक्त x ला गुणलं, 3 तसाच राहिला. 10/3 आलं, तर आधी 5 मधून 2 वजा केले; म्हणजे क्रियांचा क्रमच पक्का नाही. −6 आलं, तर कंस नीट सुटला, पण 11 उजवीकडे नेताना चिन्ह तेच ठेवलं.

चार वेगळी उत्तरं, चार वेगळे धडे. संख्या निवडताना हेच पाहायचं: दोन वेगळ्या चुकांचं उत्तर एकच येत असेल, तर आकडे बदलायचे.

*

(x + 6)/6 ला सरळ रूप द्या. वरचा आणि खालचा सहा कापून x लिहिणारी मुलं असतात, x + 1 लिहिणारीही. त्यामुळे शेजारीच (12 + 6)/6 ठेवावं. इथे 3 लिहिलं आणि वर x, तर अपूर्णांक समजलेले आहेत, अक्षर आलं की हात चुकतो. इथेही 12 लिहिलं, तर बीजगणिताआधी अपूर्णांक घ्यावे लागतील. पहिल्या सत्रात आंशिक अपूर्णांक येतात, तिथे ही कापाकापी सगळं गणित बिघडवते.

*

3x + 6 + x ला सरळ रूप द्यायला सांगितलं, तर काही जण शून्याशी बरोबरी करून x काढतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘सिम्प्लिफाय’ आणि ‘सॉल्व्ह’ यांत फरक न कळल्यानंही हे होतं. म्हणून सूचना दोन्ही भाषांत छापावी. नाहीतर आपण इंग्रजी तपासतो आणि शेरा बीजगणितावर मारतो.

*

एका चुकीवर निदान करू नये, ती घाईतलीही असते. तोच मुद्दा पाच-सहा प्रश्नांनंतर वेगळ्या आकड्यांत पुन्हा विचारावा. दोन्हीकडे तीच चूक दिसली, तर ती सवय. कच्चं काम त्याच कागदावर, कॅल्क्युलेटर नाही. कोऱ्या जागेची नोंद वेगळी ठेवायची, चुकीत मिसळायची नाही. कोरं सोडणाऱ्याला शेजारी बसवून ‘पहिली पायरी काय करशील?’ एवढंच विचारायचं.

*

तपासताना बेरीज करूच नये. उभे रकाने चुकांचे, आडव्या ओळी मुलांच्या. ‘कंसाचं चिन्ह’ या रकान्यात निम्मा वर्ग असेल, तर पहिले दोन तास सगळ्यांना त्याचेच. ‘क्रियांचा क्रम’ या रकान्यात तिघेच असतील, तर त्या तिघांना वेगळं बोलवावं.