मागच्या वर्षांचे आकडे

सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त होऊन मॅडम आमच्याकडे सल्लागार म्हणून आल्या, तेव्हा मी जीडीपीचा डॅशबोर्ड नुकताच उभा केला होता. त्यांनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "नवीन वर्ष आलं की तू ते भरतोस. जुन्या वर्षांकडे कोण बघतं?" सरलेल्या वर्षाचा आकडा कायमचा ठरून जातो, अशी तेव्हा माझी समजूत होती. माझी क्वेरीही तशीच होती:

```sql
WHERE fy > (SELECT MAX(fy) FROM gdp)
```

म्हणजे तक्त्यात असलेल्या शेवटच्या वर्षापुढचं तेवढं आणायचं. मॅडम रागावल्या नाहीत. सरकारची प्रसिद्धिपत्रकं घेऊन माझ्याशेजारी बसल्या.

मे 2021 मध्ये 2020-21चा स्थिर किमतींनुसार जीडीपी 135.13 लाख कोटी रुपये आणि वाढ उणे 7.3 टक्के अशी जाहीर झाली. हा तात्पुरता अंदाज होता. जानेवारी 2022 मध्ये पहिला सुधारित अंदाज आला: 135.58 लाख कोटी, वाढ उणे 6.6. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये तीच वाढ उणे 5.8 झाली. तात्पुरत्या अंदाजाच्या वेळी कंपन्यांचे वार्षिक ताळेबंद, उद्योगांची वार्षिक पाहणी, राज्यांच्या खर्चाचे प्रत्यक्ष आकडे हाती आलेले नसतात. ते जसजसे येतात, तसतसा त्याच वर्षाचा आकडा बदलतो.

मला खरं शिकवलं ते त्यापुढच्या गोष्टीनं. मॅडम म्हणाल्या, "भागाकारात खाली काय आहे ते बघ." उणे 7.3 चं उणे 6.6 झालं, त्याला 2020-21 मध्ये वाढलेले 45 हजार कोटी जितके कारण होते, त्याहून थोडं मोठं कारण 2019-20च्या आकड्यातली घट होती. तो आकडा 145.69 वरून 145.16 लाख कोटींवर आला होता. एका वर्षाची वाढ बदलली, पण निम्म्याहून अधिक दुरुस्ती आधीच्या वर्षात झालेली होती.

मग त्यांनी मला मे 2022चं गणित करायला लावलं. 2021-22चा जीडीपी 147.36 लाख कोटी आला. त्याला सुधारित 135.58ने भागलं की वाढ 8.7 टक्के, म्हणजे सरकारनं जाहीर केली तीच. फक्त नवी ओळ जोडणाऱ्या माझ्या तक्त्यात मात्र 135.13 तसाच राहिला असता आणि वाढ 9.1 दिसली असती. दोन्ही आकडे सरकारीच, पण वेगवेगळ्या दिवसांचे. अशा वेळी एरर येत नाही, रिफ्रेशही यशस्वी दिसतो, म्हणून हे सापडायला कठीण.

त्यानंतर दर वेळी मी स्रोतातली पूर्ण मालिका आणू लागलो. वर्ष आणि मालिका मिळून एक किल्ली. किल्ली जुळली आणि आकडा वेगळा असला तर ओळ बदलायची, जुळली नाही तर नवी घालायची. एसक्यूएलमध्ये हे काम `MERGE` करतं. नुसतं पुन्हा जोडत गेलं तर एकाच वर्षाच्या दोन ओळी होतात आणि बेरीज फुगते.

मॅडमनी तिथेही मला थांबवलं. "जुना आकडा पुसू नकोस. कुणी मे 2021चा अहवाल घेऊन आला तर त्याला काय दाखवशील?" म्हणून मूळ तक्त्यात प्रसिद्धीची तारीखही किल्लीत घेतली. तिथे प्रत्येक आवृत्ती राहते आणि डॅशबोर्ड प्रत्येक वर्षाची ताजी आवृत्ती तेवढी वाचतो. रिफ्रेशनंतर किती जुन्या वर्षांचे आकडे बदलले, याचीही नोंद ठेवतो. सुधारित अंदाज येतात त्या महिन्यात ती संख्या शून्य दिसली, तर माझ्या दृष्टीनं तीच धोक्याची खूण.

पॉवर बीआयच्या इन्क्रिमेंटल रिफ्रेशमध्येही हाच पेच आहे. ठरवलेल्या कालावधीबाहेरची जुनी वर्षं तो पुन्हा वाचत नाही. तो कालावधी स्रोत किती मागे जाऊन आकडे बदलतो यावरून ठरवावा, आपल्या सोयीवरून नव्हे.

आधारवर्ष बदलतं तेव्हा जुनी ओळ बदलण्याचा उपायही लागू पडत नाही. जानेवारी 2015 मध्ये 2004-05 ऐवजी 2011-12 हे आधारवर्ष आलं आणि 2013-14ची वाढ 4.7 वरून 6.9 टक्के झाली. ती नवी मालिका आहे, जुनीची दुरुस्ती नव्हे. तिला वेगळी किल्ली हवी. हेही मॅडमनीच सांगितलं. आज मी जे जाणतो, त्यातलं बरंचसं त्यांच्या अशा प्रश्नांतून आलेलं आहे.

तुमच्याकडे 2011-12च्या मालिकेचा तक्ता असेल तर 2020-21ची वाढ उघडून बघा. तिथे अजून उणे 7.3 असेल, तर तुमचा रिफ्रेश फक्त नव्या ओळी आणतो आहे.