बारा वर्षांच्या येशूचे सोबती



बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तरी मरिया आणि योसेफ दिवसभर निश्चिंत चालत होते. तो वाटसरूंच्या घोळक्यात असेल, असे त्यांना वाटले (लूक 2:44). त्या वयाचे मूल आईचा पदर सोडून सोबत्यांत रमते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन सांगतात, प्राथमिक शाळेच्या वयात मूल ‘मला जमते’ किंवा ‘मी कमी आहे’ यांपैकी एक गोष्ट मनाशी धरते. सात-आठ वर्षांपासून ते स्वतःला सोबत्यांशी ताडून पाहते.

आपल्या भालकी-औरादकडे पुष्कळ घरांत मराठी, शाळेत कन्नड. आमच्या रविवारच्या वर्गातला चौथीचा एक मुलगा वाचनाची पाळी आली की पोट दुखते म्हणायचा. “तू हुशार आहेस” म्हणून काही फरक पडेना. त्याला तसा अनुभवच नव्हता. मग शास्त्रवाचनाच्या दोनच ओळी आठवडाभर आधी दिल्या आणि सरावाला एक सोबती दिला. सोबत्याचे मराठी कच्चे, याचे कन्नड. दोघे एकमेकांना शिकवू लागले. तिसऱ्या रविवारी त्याने उभे राहून वाचले. पोटदुखीही थांबली.

मात्र फळ्यावरचे दिसतच नसेल, तर आधी डोळे तपासा; चष्म्याचे काम मैत्री करत नाही.

येशू मंदिरात सापडला, तेव्हा गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता, आणि ते त्याचे ऐकत होते. आपल्या मुलांनाही असा एक सोबती आणि ऐकणारी मोठी माणसे लाभोत. आमेन.